फोटोतल्या ट्रेमधली अंडी: 23 की 24, आणि डझनाचा हिशेब

प्रश्न: 30 अंड्यांच्या ट्रेचा फोटो आला आहे, मधेमधे खण रिकामे आहेत. मी मोजली तर एकदा 23 आली, एकदा 24. ट्रे आता समोर नाही. दर नगाला दिला आहे, 6.75, आणि बिल डझनात मागितलं आहे. 24 धरून सरळ दोन डझन लिहू का? आणि डझनाचा भाव नक्की कसा काढायचा?

उत्तर:

दोन डझन लिहू नका, निदान आत्ताच नको. तुमची बेरीज चुकली आहे म्हणून हे सांगत नाही. 24 हा आकडा फार गोड आहे म्हणून सांगतो. अंड्यांच्या साठ्याचा हिशेब ठेवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि त्यातला मोठा भाग उरलेल्या मालाचे फोटो पाहण्यात गेला. एका बाजूला 23 आणि दुसऱ्या बाजूला 24 असेल, तर हात आपोआप 24 कडे जातो, कारण मग पुढचा हिशेबच संपतो. 29 आणि 30 मध्येही हेच होतं. सुरुवातीच्या काळात मी एकदा असंच 24 लिहिलं आणि ट्रे परत आला तेव्हा 23 निघाली. रक्कम एका अंड्याची होती. त्यानंतर मात्र माझा प्रत्येक आकडा महिनाभर दोनदा तपासला जात होता, आणि ते मला त्या एका अंड्यापेक्षा बरंच महाग पडलं.

आधी हे बघू की तुमचे दोन आकडे वेगळे का आले. फोटोवरून मोजताना चूक दोन जागी होते. एक मोजण्याची: एक ओळ संपवून दुसरीवर जाताना डोळा एखादं अंडं दोनदा घेतो किंवा वगळतो. दुसरी पाहण्याची: अमुक खणात अंडं आहे की सावली, हेच चुकीचं ठरतं. पहिली चूक परत मोजल्यावर सापडते. दुसरी परत मोजून सापडत नाही. सावलीला तुम्ही एकदा अंडं समजलात की दहा वेळा मोजलं तरी ती अंडंच राहते, आडव्या ओळींची बेरीज आणि उभ्या ओळींची बेरीजही छान जुळते, आणि जुळलेली बेरीज बघून आपण निर्धास्त होतो. म्हणून आडवी-उभी बेरीज मी करतो जरूर, पण तिच्यावर माझा विश्वास मर्यादित आहे. ती बेरीज तपासते, नजर तपासत नाही.

नजर तपासायला अंडी आणि रिकामे खण वेगवेगळे मोजायचे. 30 मधून वजा करून रिकामे खण काढायचे नाहीत. आधी फक्त अंडी मोजून आकडा लिहा. मग फोटो परत उघडा आणि या वेळी फक्त रिकामे खण शोधा, अंड्यांकडे लक्षच देऊ नका. दोन्ही आकड्यांची बेरीज 30 यायला हवी. 29 आली तर एक खण असा आहे, जो तुम्हाला अंडं म्हणूनही पटला नाही आणि रिकामा म्हणूनही पटला नाही. 31 आली तर एक खण दोन्हीकडे घेतला गेला. काहीही आलं तरी आता तुम्हाला तीस खण परत बघायचे नाहीत, एकच शोधायचा आहे. तुमच्या 23-24 च्या मागे असाच एक खण असणार, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

त्याआधी एक छोटं काम. ट्रे खरंच 30 चा आहे का, हे फोटोतच पाहून घ्या. 30 चा ट्रे म्हणजे एका बाजूला 6 खण आणि दुसऱ्या बाजूला 5. 20 चे (4 गुणिले 5) आणि 36 चे (6 गुणिले 6) ट्रेही असतात. फोटोची एक कड कापली गेली असेल, तर 6 बाय 5 चा ट्रे 5 बाय 5 दिसतो, आणि 25 मधून वजाबाकी करणाऱ्याला आपण पाच खण गमावल्याचा पत्ताही लागत नाही. चारही कोपरे दिसत असतील तरच ‘ट्रेमध्ये इतकी अंडी’ म्हणता येतं. एक कोपरा जरी बाहेर असेल, तर ‘फोटोत इतकी दिसतात’ एवढंच.

आता तुमच्यासारखाच एक ट्रे घेऊ आणि शेवटपर्यंत सोडवू. फोटो समोरून, थोडा वरून काढला आहे. वरची ओळ म्हणजे फोन धरणाऱ्यापासून सर्वात लांबची.

```
●  ○  ●  ●  ●  ?
●  ●  ●  ○  ●  ●
○  ●  ●  ●  ●  ●
●  ●  ●  ●  ○  ○
●  ●  ○  ●  ●  ●
```

भरलेला गोल म्हणजे अंडं, पोकळ गोल म्हणजे रिकामा खण. आडव्या ओळींत वरून खाली 4, 5, 5, 4, 5. एकूण 23. उभ्या ओळींत डावीकडून 4, 4, 4, 4, 4, 3. पुन्हा 23. रिकामे खण वेगळे मोजले तर 6. बेरीज 29. म्हणजे एक खण हिशेबाबाहेर आहे, आणि तो मागच्या ओळीतला उजवा कोपरा आहे. तो भरलेला असेल तर 24, नसेल तर 23.

हा संशयाचा खण बहुतेक वेळा मागच्या ओळीतच का निघतो, ते एकदा समजून घेतलं की फोटो बघण्याची पद्धतच बदलते. समजा फोन ट्रेपासून 50 सेंटीमीटर उंचीवर आहे आणि पुढच्या ओळीपासून 25 सेंटीमीटर अलीकडे आहे. मग पुढच्या ओळीकडे तुम्ही साधारण 63 अंशांतून बघत असता. सर्वात मागची ओळ तिच्याही मागे सुमारे 23 सेंटीमीटरवर असते, म्हणून तिच्याकडे बघण्याचा कोन साधारण 46 अंशांवर येतो. अंडं साडेपाच-पावणेसहा सेंटीमीटर उंच आणि खणाखणातलं अंतर पाच-सहा सेंटीमीटर धरलं, तर पुढच्या अंड्यावरून मागच्या खणाचा तळ दिसायला निदान 50 ते 55 अंशांचा कोन लागतो. (हा माझा कागदावरचा हिशेब आहे. अंडी लहान असली किंवा खण मोठे असले की दोन-चार अंश इकडेतिकडे होतात.) म्हणजे एकाच फोटोत पुढच्या ओळीतल्या रिकाम्या खणाचा तळ स्वच्छ दिसतो, आणि मागच्या ओळीत तेवढाच रिकामा खण नुसता काळा डाग दिसतो. तो काळा डाग म्हणजे रिकामा खण, की खोल बसलेलं लहान, गडद अंडं? प्रश्न इथे उभा राहतो.

म्हणून मागच्या ओळींत तळ शोधत बसू नका, डोकं शोधा. खणातल्या अंड्याचा वरचा घुमट शेजारच्या अंड्यांइतकाच वर येतो. तिरक्या कोनातूनही त्या घुमटाचा थोडा भाग पुढच्या अंड्यामागून डोकावतोच. तळ झाकला जातो, डोकं सहसा झाकलं जात नाही. डोकं आहे का हे तीन खुणांनी बघता येतं. मी त्या याच क्रमाने बघतो.

पहिली खूण ट्रेची मागची कड. शेवटच्या ओळीत अंडं असेल, तर ते आपल्यामागच्या कडेचा तुकडा झाकतं. कडेची सरळ रेघ तिथे गोलाईने तुटते. रिकाम्या खणामागे ती रेघ अखंड जाते. याच ओळीतला दुसरा खण नक्की रिकामा आहे, म्हणून तुलनेला तो घ्यायचा. तिथे कड कशी दिसते ते बघा, मग कोपऱ्यातल्या खणामागची बघा. दोन्हीकडे रेघ अखंड असेल तर दोन्ही खण रिकामे. फोटोतला खण त्याच फोटोतल्या ओळखीच्या खणाशी ताडून बघण्यासारखा पक्का पुरावा मला दुसरा माहीत नाही.

दुसरी खूण उजेडाचा ठिपका. दिवा किंवा खिडकी एकच असेल, तर प्रत्येक अंड्यावरचा सर्वात उजळ भाग एकाच बाजूला येतो, समजा वरच्या डाव्या अंगाला. संशयाच्या खणात तसा ठिपका त्याच बाजूला आहे का? कागदाच्या लगद्याचा ट्रे खरखरीत आणि मंद असतो. त्यावर पडलेला उजेड पसरतो, असा एकवटलेला ठिपका देत नाही. ही खूण दिव्याखाली चांगली चालते. ढगाळ दिवशी सावलीत काढलेल्या फोटोत ती जवळजवळ निकामी आहे, कारण तेव्हा कुठल्याच अंड्यावर ठळक ठिपका नसतो.

तिसरी खूण खणांमधले उंचवटे. चार खणांच्या मध्ये एक उंचवटा असतो. रिकाम्या खणाच्या बाजूने तो अधिक खोलवर दिसतो, कारण त्याला झाकणारं अंडं तिथे नसतं. संशयाचा खण कोपऱ्यात असला तर याचा फारसा उपयोग होत नाही. मधल्या खणांसाठी मात्र मी हीच खूण आधी बघतो.

फोटो मोठा करून बघायचा असेल तर एका मर्यादेपर्यंतच करा. एका अंड्याची रुंदी पडद्यावर बोटभर झाली की पुरे. त्यापुढे नवं काही दिसत नाही, नुसते चौकोन दिसतात, आणि चौकोनांत मनाला हवं ते दिसतं. उजेड वाढवून बघणं जास्त कामाचं. बहुतेक फोनमधल्या फोटो दुरुस्तीच्या सोयीत सावलीचा भाग उजळण्याची पट्टी असते. ती वाढवली की काळ्या डागात खणाची भिंत आहे की कवचाची गोलाई, हे बऱ्याचदा उघड होतं. मूळ फोटो तसाच ठेवा, बदल प्रतीवर करा.

आपल्या ट्रेमध्ये कोपऱ्यातल्या खणामागची कड अखंड निघाली, उजेडाचा ठिपका नाही, आणि सावली उजळल्यावर खणाची भिंत दिसली. रिकामे 7, अंडी 23. बेरीज 30. इथे मोजणी संपली.

ती संपत नसेल तर? कधी फोटो इतका अंधुक असतो की तिन्ही खुणा गप्प राहतात. तेव्हा मी ‘23, एक खण अनिश्चित’ असं लिहितो आणि दुसरा फोटो मागवतो. तो कसा काढायचा हेही सांगतो: फोन ट्रेच्या बरोबर वर, ट्रेला समांतर, चारही कोपरे चौकटीत, फ्लॅश बंद. तुमच्यासारखा ट्रे हातचा गेलाच असेल, तर ज्याने फोटो काढला त्याच्या फोनमध्ये आधीचा-नंतरचा एखादा फोटो उरला आहे का ते विचारा. लोक सहसा दोन-तीन काढतात आणि त्यांच्या मते चांगला तो एक पाठवतात. त्यांनी टाकून दिलेल्या तिरक्या फोटोत नेमका आपल्याला हवा तो कोपरा दिसतो.

एका फसवणुकीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिने मला स्वतःला फसवलं आहे. प्लास्टिकच्या काही ट्रेंमध्ये खणाचा तळ उघडा किंवा जाळीचा असतो. असे दोन भरलेले ट्रे एकावर एक असतील आणि वरच्यातला एक खण रिकामा असेल, तर त्यातून खालच्या ट्रेमधलं अंडं दिसतं. खरं अंडं, खरी गोलाई, कधीकधी उजेडाचा ठिपकासुद्धा. अशा थरांच्या फोटोवरून मी एकदा 30 लिहिली होती, होती 27. ओळखायची खूण अशी: खालचं अंडं शेजाऱ्यांपेक्षा लहान आणि खोल दिसतं, आणि त्याच्यावरून खणाची कड किंवा जाळीची रेघ जाते. अंड्याच्या पुढे ट्रेची रेघ आली, तर ते अंडं या ट्रेचं नाही. आता मी थरांचा फोटो आला की वरचा ट्रे खाली उतरवून काढायला सांगतो. तसंही थरांच्या फोटोवरून खालच्या ट्रेंना 30 ने गुणणं म्हणजे नुसता अंदाज आहे. खाली किती खण रिकामे आहेत, हे कुठलाच फोटो सांगत नाही.

तडे गेलेल्या अंड्यांचंही थोडक्यात. फोटोत वरचा तडा दिसू शकतो, खालचा नाही. लगद्याच्या ट्रेमध्ये खणाभोवती ओलसर डाग दिसला तर मी नग मोजतो, पण शेजारी ‘1 ओला खण’ अशी नोंद करतो. त्याचे पैसे धरायचे की नाही, हे देणाऱ्या-घेणाऱ्याने ठरवायचं. मोजणाऱ्याने स्वतःच ते अंडं वगळलं, तर पुढे आकडे का जुळत नाहीत हे कुणालाच कळत नाही.

आता भाव. 6.75 म्हणजे पावणेसात, आणि इथे आपली जुनी तोंडी पद्धत कॅल्क्युलेटरपेक्षा लवकर पोचते. बारा साते चौऱ्याऐंशी. बारा पाव म्हणजे तीन. चौऱ्याऐंशीतून तीन गेले, राहिले एक्क्याऐंशी. डझनाचा भाव 81 रुपये. नगाच्या दरातला प्रत्येक पाव रुपया डझनात तीन रुपये होतो आणि प्रत्येक पाच पैसे डझनात साठ पैसे, एवढं पाठ असलं की झालं. सव्वासात असेल तर 84 अधिक 3 म्हणजे 87. साडेसात असेल तर 84 अधिक 6 म्हणजे 90.

मग 23 अंडी. 23 म्हणजे 1 डझन 11 नग. डझनाचे 81, अकरा नगांचे 11 गुणिले 6.75 म्हणजे 74.25. एकूण 155.25. दुसऱ्या वाटेनेही बघा: दोन डझनांना एक कमी, 162 मधून 6.75 वजा, 155.25. आणि तिसरी वाट सर्वात सरळ, 23 गुणिले 6.75, तेच 155.25. तिन्ही वाटा एकाच जागी यायलाच हव्यात, कारण डझनाचा भाव आपण नगाच्या दरातूनच काढला आहे, त्यात सूट मिसळलेली नाही. आल्या नाहीत, तर मधे कुठेतरी आकडा गोल आकड्याकडे ओढला गेला आहे.

बहुतेक चुका त्या ओढण्यातच होतात, आणि सर्वात वाईट चूक तर ओढणंही नसते, ती नुसतं लिहिणं असते. 1 डझन 11 नग हे कुणी 1.11 डझन असं लिहितं. स्प्रेडशीटला ते दशांश वाटतं, ती 81 ने गुणते आणि 89.91 देते. 155 च्या जागी 90! दुसरं कुणी मधे बिंदूऐवजी आडवी रेघ टाकून 1-11 लिहितं, तर स्प्रेडशीट त्याची तारीखच करून टाकते. डझनात खरा दशांश हवा असेल तर 23 भागिले 12 म्हणजे 1.91666…, आणि तो संपतच नाही. 1.92 धरला तर रक्कम 155.52 येते, 1.9 धरला तर 153.90. दोन्ही चूक, एक देणाऱ्याच्या बाजूने, एक घेणाऱ्याच्या.

म्हणून माझा नियम असा की हिशेब नगावर करायचा आणि डझन फक्त दाखवायला. नग एका खान्यात, दर दुसऱ्यात. डझन आणि सुटे नग त्यातून काढलेले, रक्कम मात्र नगांवरून:

```
A2: 23
B2: 6.75
C2: =INT(A2/12)
D2: =MOD(A2,12)
E2: =ROUND(A2*B2,2)
```

C2 मध्ये 1 येतं, D2 मध्ये 11, E2 मध्ये 155.25. गोल करणं फक्त शेवटच्या खान्यात, तेही दोन दशांशांपर्यंत. आधी कुठेही नाही.

तोंडी बोलताना मात्र डझनाची मजा वेगळी. 15 म्हणजे सव्वा डझन, 18 दीड, 21 पावणेदोन, 27 सव्वादोन, आणि भरलेला ट्रे अडीच डझन. आकड्याला तीनने भाग जात असेल तर मराठीत त्याला सुटसुटीत नाव मिळतं. 23 ला मिळत नाही, आणि म्हणूनच लोक त्याला ‘दोन डझन’ म्हणून मोकळे होतात. फोनवर असं नाव ऐकलं की मी उलट विचारतो, ‘नग किती?’ समोरचा क्षणभर थांबला, तर तो मोजत नव्हता, अंदाज करत होता.

डझनाचा भाव गोल केलेला असेल तर आणखी एक गाठ पडते. समजा दर 6.80 आहे. डझनाचे होतात 81.60. कुणी ते 82 केले. आता 23 अंड्यांचे किती? नगाच्या दराने 156.40. गोल केलेल्या डझनाच्या भावाने, 82 गुणिले 23 भागिले 12, 157.17. आणि डझनाला 82 व सुट्या अकरा नगांना 6.80 प्रमाणे 74.80 धरले तर 156.80. तीन आकडे, तिघेही मनापासून खरे. यात गणिताची चूक कुणाचीच नाही, सुटे नग कुठल्या दराने हे ठरलं नव्हतं एवढंच. तुमच्या बाबतीत दर नगाला दिलेला आहे. म्हणजे नग हा मूळ दर, डझन त्याचं भाषांतर. मतभेद झाला तर 23 गुणिले नगाचा दर हाच आकडा धरायचा. उलट डझनाचा भाव दिला असता, समजा 80, तर नगाचा दर 6.666… निघतो. तो 6.67 करून पुढे 12 ट्रेंच्या म्हणजे 360 अंड्यांच्या खोक्याला लावला, तर 2400 च्या जागी 2401.20 येतात. तेव्हा डझन हे मूळ, आणि 360 ला 12 ने भागून 30 डझन गुणिले 80 करायचं. दर ज्या मापात दिला, गुणाकार त्याच मापात.

तुमच्या बिलाची ओळ मी अशी लिहिली असती: ‘नग 23 (1 डझन 11), दर नग 6.75, डझन 81.00, रक्कम 155.25’. आणि तुमच्या फोटोतल्या त्या मागच्या खणामागची कड तुटलेली दिसली, म्हणजे तिथे खरंच अंडं निघालं, तर ‘नग 24 (2 डझन), रक्कम 162.00’. दोन्हींत फरक एका अंड्याचा, 6.75 चा. तो कुणाकडे जायचा हे त्या कडेवरून ठरवा, 24 लिहायला सोपं आहे यावरून नाही. फोटोवर त्या खणाभोवती गोल काढून तो बिलासोबत पाठवलात तर समोरच्यालाही तीस खण परत मोजावे लागणार नाहीत.